गोधडी आणि यंत्र: प्रबंधातला उसना मजकूर ओळखण्याची पद्धत

मराठीतला एमएचा किंवा पीएचडीचा प्रबंध पहिल्यांदाच तपासायला घेणाऱ्या गाइडसमोर हल्ली दोन आकडे येतात. एक सिमिलॅरिटी रिपोर्टचा आणि दुसरा, कुणी चालवून पाहिलाच असेल तर, एआय डिटेक्टरचा. दोन्ही टक्क्यांत असतात, त्यामुळे दोन्हींचा अर्थ एकाच जातीचा वाटतो. तसा तो नसतो. पहिला आकडा सांगतो की एवढा मजकूर दुसरीकडे जसाच्या तसा सापडला. दुसरा सांगतो की एवढा मजकूर यंत्राच्या वळणाचा वाटतो. एक सापडण्याचा आकडा, दुसरा वाटण्याचा.

इथे ज्या दोन गोष्टींचा विचार करायचा आहे त्या नेमक्या या दोन आकड्यांच्या फटीतून निसटतात. पहिली म्हणजे मोझॅक वाङ्मयचौर्य. चार-पाच पुस्तकांतली वाक्ये घ्यायची, प्रत्येकात दोन-चार शब्द बदलायचे आणि गोधडीसारखी शिवून टाकायची. दुसरी म्हणजे यंत्राने लिहिलेला मजकूर. गोधडीतल्या प्रत्येक तुकड्याला मूळ कापड असते, म्हणून ते शोधून शेजारी ठेवता येते. यंत्राच्या मजकुराला असे मूळ नसते, तिथे शेजारी ठेवायला काहीच नसते. तपासणीचा क्रम ठरतो तो याच फरकावरून.

आधी फाइल तपासा

प्रबंधाच्या पीडीएफमधल्या दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. देवनागरी तशीच उतरली तर ठीक. रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसला तर प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झाला आहे. सॉफ्टवेअरलाही तोच काला दिसतो आणि त्याच्याशी जुळणारे जगात फारसे काही नसल्याने सिमिलॅरिटी शून्य-दोन टक्के येते. या आकड्याला काही अर्थ नाही. विद्यार्थ्याकडून युनिकोडमधली वर्ड फाइल मागवून घ्या आणि रिपोर्ट पुन्हा काढा. स्कॅन केलेल्या पानांचेही तेच. तीनशे पानांच्या मराठी प्रबंधात, अवतरणे आणि संदर्भसूची धरूनही, एक टक्काच जुळणी निघाली तर खूश होण्याआधी ही दोन मिनिटांची खात्री करून घ्यावी.

जुळणी कशी मोजली जाते

सॉफ्टवेअर वाक्याचा अर्थ वाचत नाही. ते मजकुराचे सलग शब्दांचे तुकडे पाडते. पाच-पाच शब्दांचे समजू. पहिला तुकडा शब्द १ ते ५, दुसरा २ ते ६, तिसरा ३ ते ७, असे एकावर एक सरकत जातात. प्रत्येक तुकड्याचा एक अंक तयार होतो आणि तो साठ्यातल्या अंकांशी ताडून पाहिला जातो. सोळा शब्दांच्या वाक्यात असे बारा तुकडे पडतात.

आता दर पाच शब्दांत एक शब्द बदलला तर काय होईल? प्रत्येक तुकड्यात किमान एक बदललेला शब्द येतो आणि बाराही तुकडे नापास होतात. म्हणजे वाक्याचा ऐंशी टक्के भाग मूळचाच राहिला तरी काटेकोर जुळणी शून्य. काही सॉफ्टवेअर थोडा फरक सोडून जुळवतात, तरी गोधडी जगते ती याच गणितावर. मराठीत तर शब्द बदलायचीही गरज नसते, प्रत्यय बदलला तरी पुरते. ‘पहाटे’चे ‘पहाटेच्या वेळी’ केले, ‘या’चे ‘ह्या’ केले, ‘संबंध’चे ‘सम्बन्ध’ केले की यंत्राच्या लेखी तो नवा शब्द.

यूजीसीच्या २०१८च्या नियमांतली एक तरतूदही इथे लक्षात ठेवावी. सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळणारे शब्द सलग चौदापर्यंत असतील तर ते साम्याच्या हिशेबातून वगळावेत, असे तो नियम सांगतो. नियम रास्त आहे, पण गोधडीत सलग चौदा शब्द सारखे कधीच नसतात. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून सात टक्के पाहून फाइल मिटणारे बरेच असतात. त्याच नियमांत वाङ्मयचौर्याची व्याख्या मात्र दुसऱ्याचे काम किंवा कल्पना आपली म्हणून मांडणे अशी आहे, त्यात सलग शब्दांची अट नाही. टक्केवारी दंडाची पायरी ठरवते, चोरी झाली की नाही ते वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते.

एक परिच्छेद उसवून पाहू

खालचे सगळे नमुने या लेखासाठी रचलेले आहेत, विषय मात्र खरा आहे: कोयनेचा १९६७चा भूकंप. समजा, तीन वेगवेगळ्या पुस्तकांत ही तीन वाक्ये आहेत.

क: ‘११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसरात भूकंपाचा तीव्र धक्का बसला आणि त्यात अनेक घरे जमीनदोस्त झाली.’

ख: ‘धरणाच्या जलाशयात पाणी साठू लागल्यानंतर या भागात लहान धक्क्यांची संख्या वाढली, असे नोंदींवरून दिसते.’

ग: ‘त्यामुळे मोठ्या जलाशयामुळे भूकंप होऊ शकतात का, या प्रश्नाकडे जगभरच्या शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले.’

आणि प्रबंधात, कुठलाही संदर्भ न देता, हा परिच्छेद:

‘१९६७ सालच्या ११ डिसेंबरला पहाटेच्या वेळी कोयनानगर भागात भूकंपाचा जोरदार धक्का बसून बरीच घरे भुईसपाट झाली. जलाशयात पाण्याचा साठा होऊ लागल्यावर ह्या परिसरात छोट्या धक्क्यांचे प्रमाण वाढल्याचे नोंदींवरून स्पष्ट होते. परिणामी मोठ्या धरणांमुळे भूकंप होतात का, ह्या प्रश्नाने जगातील संशोधकांचे ध्यान आकर्षित केले.’

संगणकावर मोजायचे असेल तर एवढा कोड पुरतो:

```python
import unicodedata

def shabd(t):
    t = unicodedata.normalize("NFC", t)
    t = t.replace("\u200c", "").replace("\u200d", "")
    return [w.strip(".,;:!?‘’()") for w in t.split()]

def tukde(t, n):
    w = shabd(t)
    return {tuple(w[i:i+n]) for i in range(len(w)-n+1)}

def julni(a, b, n):
    return len(tukde(a, n) & tukde(b, n))
```

इथे एक खड्डा आहे. इंग्रजीसाठी लिहिलेल्या कोडमध्ये शब्द पाडायला सहसा `re.findall(r"\w+", t)` वापरतात. पायथनचे साधे `re` मात्रा-वेलांट्यांना अक्षर मानत नाही, त्यामुळे ‘पाणी’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे होतात आणि भलतेच आकडे येतात. म्हणून वर `split()` वापरले आहे. `200c` आणि `200d` ही न दिसणारी जोडचिन्हे असतात. एकच शब्द दोन कीबोर्डांवरून टाइप झाला की ती कधी येतात, कधी येत नाहीत, म्हणून ती आधी काढून टाकायची.

पहिले वाक्य ‘क’शी ताडले तर सुटे शब्द सात जुळतात: १९६७, ११, कोयनानगर, भूकंपाचा, धक्का, घरे, झाली. सलग दोन शब्दांची जोडी एकही जुळत नाही. दुसऱ्या वाक्यात ‘ख’शी दोनच शब्द जुळतात आणि तिसऱ्यात ‘ग’शी तीन, जोडी कुठेच नाही. सॉफ्टवेअर हा परिच्छेद कोरा ठरवेल.

आता हेच हाताने, प्रत्यय सोडून पाहू. पहिल्या वाक्यात ११, डिसेंबर, पहाट, कोयनानगर, भूकंपाचा, धक्का, बसणे, घरे, झाली हे नऊ शब्द ‘क’मधल्याच क्रमाने येतात. परिसर–भाग, तीव्र–जोरदार, अनेक–बरीच, जमीनदोस्त–भुईसपाट या चार समानार्थी जोड्याही जागच्या जागी बसतात. सोळापैकी तेरा शब्दांचा हिशेब लागला. उरलेल्या तिनांत एक तर उचलून पुढे ठेवलेले साल आहे.

तरीही या वाक्याला फार वजन देऊ नये. तारीख, ठिकाण, धक्का, पडलेली घरे ही माहिती सगळ्यांची आहे आणि ती सांगण्याच्या रीती मोजक्याच. दोन माणसे स्वतंत्रपणे असे वाक्य लिहू शकतात. नवखा तपासनीस इथेच अडखळतो, कारण सर्वांत जास्त जुळणारे वाक्य त्याला सर्वांत भक्कम पुरावा वाटते.

भक्कम पुरावा दुसऱ्या वाक्यात आहे, जिथे जुळणारे शब्द दोनच आहेत. ‘नोंदींवरून स्पष्ट होते’ असे विद्यार्थी म्हणतो. कोणत्या नोंदी? त्या त्याने पाहिल्या का? पाहिल्या असत्या तर वर्ष, केंद्र, धक्क्यांची संख्या, काहीतरी आले असते. नोंदी पाहिल्या होत्या ‘ख’च्या लेखकाने, निष्कर्षही त्याचाच. विद्यार्थ्याने वाक्याबरोबर ते पाहणेसुद्धा उचलले. गोधडीत शब्दांपेक्षा असा उसना अधिकार शोधावा: ‘असे आढळते’, ‘अभ्यासातून दिसून येते’, ‘आकडेवारी सांगते’ आणि खाली तळटीप नाही.

तिसऱ्या वाक्यात दोन खुणा आहेत. ‘जलाशयामुळे’च्या जागी ‘धरणांमुळे’ आले. बोलताना चालते, पण या विषयात नाही. भूकंपाशी संबंध जोडला जातो तो साठलेल्या पाण्याच्या भाराचा आणि खडकात झिरपणाऱ्या पाण्याच्या दाबाचा. भिंतीचा त्यात प्रश्न नाही. विषय कळलेला माणूस हा शब्द बदलणार नाही, शब्द बदलायचाच म्हणून बदलणारा बदलेल. दुसरी खूण ‘ध्यान आकर्षित केले’ ही. मराठीत लक्ष वेधले जाते, ध्यान लावून बसतात. हा शब्द हिंदीतून किंवा समानार्थी शब्द पुरवणाऱ्या एखाद्या साधनातून आला असणार. इंग्रजी शोधनिबंधांत अशा शब्दांच्या याद्याच केल्या गेल्या आहेत. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, म्हणजे बनावट जाणीव, असे चमत्कारिक प्रयोग छापील निबंधांत सापडले आणि त्यावरून उचललेला मजकूर उघडा पडला.

मूळ कापड शोधणे

पूर्ण वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधले तर काही हाती लागणार नाही, ते तर बदललेले आहे. जे बदलता येत नाही ते निवडायचे: विशेषनामे, आकडे, पारिभाषिक शब्द. आपल्या उदाहरणात ‘जलाशय’, ‘धक्के’, ‘नोंदींवरून’ आणि ‘कोयनानगर’ एवढे चार शब्द अवतरणचिन्हांशिवाय टाकायचे. एका वेळी एकच वाक्य. तीन वाक्यांची तीन मुळे असतील तर सगळे मिळून शोधल्यावर एकही सापडत नाही.

कुठे शोधायचे? मराठी विश्वकोश, मराठी विकिपीडिया, वर्तमानपत्रांची संकेतस्थळे आणि शोधगंगेवरचे त्याच विषयाचे आधीचे प्रबंध. शोधगंगेवरचे बरेच जुने मराठी प्रबंध स्कॅन किंवा जुन्या फॉन्टमधले आहेत. सर्च इंजिनला त्यांच्या आतले शब्द दिसत नाहीत, म्हणून विषयावरून यादी काढून प्रस्तावना आणि दुसरे प्रकरण डोळ्यांनी चाळावे लागते. वेळखाऊ आहे, पण मराठीत गोधडीचे कापड बहुधा इथलेच असते. मराठीत काही मिळाले नाही तर तेच वाक्य इंग्रजीत आणि हिंदीत शोधावे. भाषांतरित तुकडे मराठीतली कुठलीही जुळणी पकडत नाही.

एक मूळ सापडले की त्या पुस्तकाची पुढची-मागची दोन पाने वाचा. एकाच वाक्यावर थांबलेली उचल क्वचितच असते. मग तीन रकान्यांचा तक्ता करा: प्रबंधातले वाक्य व पान, मूळ वाक्य व पान, काय बदलले. असे आठ-दहा तुकडे, निदान दोन-तीन मुळांतले, जमले की वादाला जागा उरत नाही. एकाच वाक्याच्या बळावर कुणावर आरोप करू नये.

मूळ पुस्तक संदर्भसूचीत असेल तर? सूचीत नाव असणे आणि त्या जागी उल्लेख करणे वेगळे. शेवटी चाळीस पुस्तके लिहून मधल्या पानांवर एकही तळटीप नाही, हे गोधडीचे सर्वांत नेहमीचे रूप आहे. बहुतेक वेळा त्यामागे लबाडी नसून टिपणे काढताना पान क्रमांक न लिहिण्याची सवय असते. दुरुस्तीही तीच: प्रत्येक उसन्या निष्कर्षाला जागच्या जागी संदर्भ, किंवा थेट अवतरण.

यंत्राचा मजकूर: इथे मोजमापच वेगळे

भाषेचे यंत्र मागचे शब्द पाहून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता किती, हे काढत एकेक तुकडा जोडत जाते. डिटेक्टर तोच हिशेब उलटा करतात. मजकुरातला प्रत्येक शब्द तिथे येणे किती अपेक्षित होते? सगळेच अपेक्षित निघाले तर यंत्राचा संशय, मधूनमधून अनपेक्षित शब्द आले तर माणसाचा. २०१९ मध्ये आलेले `GLTR` हे साधन हेच रंगांनी दाखवत असे: यंत्राच्या अंदाजातल्या पहिल्या दहांतला शब्द हिरवा, पहिल्या शंभरातला पिवळा, पहिल्या हजारातला लाल, त्यापुढचा जांभळा.

आता हा परिच्छेद पाहा:

‘कोयना भूकंप ही महाराष्ट्राच्या इतिहासातील एक महत्त्वपूर्ण घटना आहे. या घटनेमुळे केवळ जीवित व वित्तहानीच झाली नाही, तर भूकंपशास्त्राच्या क्षेत्रातही नवीन दृष्टिकोन निर्माण झाले. भविष्यात अशा आपत्तींना सामोरे जाण्यासाठी सर्व घटकांनी एकत्रितपणे प्रयत्न करणे आवश्यक आहे.’

तारीख नाही, जागा नाही, तपासून पाहावे असे एकही विधान नाही. ‘भूकंप’च्या जागी ‘महापूर’ आणि ‘कोयना’च्या जागी ‘पानशेत’ घातले तरी जवळजवळ तसाच चालेल. डिटेक्टर याला यंत्राचा म्हणण्याची शक्यता बरीच आहे. पण असे परिच्छेद परीक्षेच्या गाइडांतून आणि सरकारी अहवालांतून माणसे वर्षानुवर्षे लिहीत आली आहेत. ठोकळेबाज लिहिणारा माणूस आणि यंत्र, मोजपट्टीवर एकाच जागी येतात.

हा दोष मोजलाही गेला आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल परीक्षेतले ९१ निबंध सात डिटेक्टरना दिले. ते लिहिले होते इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी. सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरले, कारण परक्या भाषेत लिहिणारा माणूस साधे, ठरलेले शब्द वापरतो. इंग्रजीत प्रबंध लिहिणारा जिल्ह्याच्या कॉलेजातला विद्यार्थी नेमका याच गटात बसतो.

आकड्यांनी पाहू. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा डिटेक्टर काढला तेव्हा सांगितले होते की तो यंत्राच्या मजकुरापैकी २६ टक्के पकडतो आणि माणसांच्या मजकुरापैकी ९ टक्के चुकून यंत्राचा ठरवतो. जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून त्यांनी तो बंद केला. समजा शंभर प्रबंध आले आणि त्यांतले दहा यंत्राने लिहिलेले आहेत. दहांतले दोन-तीन पकडले जातील. उरलेल्या नव्वदांतले आठ चुकून अडकतील. म्हणजे बोट दाखवलेल्या दहा-अकरा जणांत आठ निर्दोष. आजची साधने यापेक्षा बरी आहेत, पण हिशेब करायची पद्धत हीच. शंभरात खरे दोषी जितके कमी, तितके पकडलेल्यांत निर्दोष जास्त. टर्निटिन या तपासणीच्या सॉफ्टवेअरनेही याच भीतीने वीस टक्क्यांखालचा एआय आकडा दाखवणे थांबवून तिथे फक्त तारा ठेवला आहे. मराठी मजकुरावर आलेल्या आकड्याला तर आणखी कमी वजन द्यावे, कारण ही साधने मुख्यतः इंग्रजीवर घासून तयार झाली आहेत.

दोन्ही साधने एकमेकांच्या शिकारीला कशी सोडतात तेही पाहा. यंत्राचे वाक्य बहुधा नव्याने जुळवलेले असते, म्हणून सिमिलॅरिटी कमी येते. गोधडीत ‘ध्यान आकर्षित’सारखे अनपेक्षित शब्द घुसतात, म्हणून एआय डिटेक्टर तिला माणसाचे लेखन म्हणतो. उलट, संविधानाच्या उद्देशिकेसारखा सर्वत्र छापला गेलेला मजकूर यंत्राला पाठच असतो, तो इतका अपेक्षित वाटतो की डिटेक्टर त्यालाही यंत्राचा म्हणू शकतो.

मूळ नसताना काय तपासायचे

संदर्भांपासून सुरुवात करा. यंत्र खऱ्यासारखे दिसणारे खोटे संदर्भ बनवते: लेखक खरा, नियतकालिक खरे, लेख मात्र कधी छापलाच गेला नाही. यादीतले दहा संदर्भ निवडा, त्यांत निदान पाच कमी प्रसिद्ध असावेत. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, दिला असेल तर तो `doi.org` वर टाकून पाहा, तो उघडत नाही किंवा भलताच लेख उघडतो का? पुस्तक असेल तर ग्रंथालयाच्या यादीत आहे का, आणि दिलेल्या पानावर ती गोष्ट आहे का? टायपिंगच्या चुका सगळ्यांच्या होतात, पान इकडेतिकडे होते. पण अस्तित्वातच नसलेला लेख विद्यार्थ्याने ‘वाचून’ त्यातला निष्कर्ष दिला असेल तर ते लेखन कुणी केले हा प्रश्न दुय्यम ठरतो. खोटा संदर्भ हा स्वतःच पुरेसा दोष आहे, आणि तो सिद्ध करता येतो.

मग मजकूर कसा वाढला ते पाहा. गूगल डॉक्समध्ये लिहिले असेल तर `Version history` मध्ये प्रकरण दिवसागणिक वाढलेले दिसते: खोडाखोड, अर्धी वाक्ये, हललेले परिच्छेद. दोन हजार शब्द एका मिनिटात उतरलेले दिसले तर विचारायला हवे, पण कुणी वर्डमध्ये किंवा टायपिस्टकडून टाइप करून शेवटी पेस्ट केलेले असते. मराठी प्रबंधांत टायपिस्ट आजही नेहमीचा आहे. तेव्हा हाताने लिहिलेले कच्चे कागद मागा. ते त्याच्याकडे असतात.

शेवटी दहा मिनिटे समोर बसवून बोला. प्रश्न आठवणीचे नकोत, निर्णयाचे हवेत. हा शब्द का वापरलास? या दोन लेखकांत मतभेद आहे, तू पहिल्याकडे का झुकलास? इथे काय लिहून खोडलेस? गोधडी शिवणारा बहुधा पुस्तकाचे नाव सांगतो, कारण ते त्याने उघडलेले असते. यंत्राकडून लिहून घेतलेल्याला पुस्तकही सांगता येत नाही. घाबरलेला प्रामाणिक विद्यार्थीही अडखळतो, म्हणून प्रश्न आधी लेखी द्यावेत आणि दुसऱ्या दिवशी बोलावावे.

यंत्राला खरी पुस्तके देऊन ‘शब्द बदलून दे’ म्हटलेले असेल तर? याचे प्रमाण वाढत आहे. तिथे यंत्र सिद्ध करत बसू नये. मूळ पुस्तके आहेत, म्हणजे ती गोधडीच, आणि तीन रकान्यांचा तक्ता तिलाही लागू पडतो. म्हणून संशय कुठलाही असो, आधी मूळ कापड शोधायचे आणि ते मिळाले नाही तरच यंत्राच्या प्रश्नाकडे वळायचे.

विभागाच्या सचोटी समितीकडे कागद पाठवताना गोधडीसाठी तक्ता, आणि यंत्राच्या संशयासाठी न सापडलेले संदर्भ, मसुद्यांचा इतिहास व तोंडी प्रश्नोत्तरांची नोंद जोडावी. डिटेक्टरचा आकडा द्यायचाच असेल तर साधनाचे नाव, तारीख आणि मजकुराची भाषा लिहून सर्वांत शेवटी द्यावा, आणि त्याखेरीज हातात काही नसेल तर कागद पाठवूच नये.